विषय: एकाच शाखेची फाइल दोनदा घेऊनही ‘ताळा जुळला’ दाखवणारे तुमचे सॉफ्टवेअर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या सपोर्टच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लिहितो आहे.

मंगळवारी रात्री सिन्नर शाखेची डे-एंड फाइल येताना लाइन तुटली, म्हणून शाखेने ती परत पाठवली. तुमच्या प्रोग्रामने दोन्ही धरल्या आणि एकत्रित तेरजेखाली हिरव्या अक्षरांत ‘ताळा जुळला’ छापले. आंतरशाखा खाते पाहिले म्हणून सापडले. सिन्नरच्या पुस्तकात मुख्य कार्यालयाच्या नावे ३७,२०,००० आहेत, आमच्या पुस्तकात सिन्नरचे जमा तेवढेच. सगळ्या शाखा एकत्र केल्यावर तिथे शून्य उरायला हवे. उरले ३७,२०,००० नावे, म्हणजे नेमकी सिन्नरची बाकी. सिन्नर दोनदा आली हे यावरून आमच्या क्लार्कलाही कळले.

आता तो फोन ऐका.

“सर, टोटल डेबिट-क्रेडिट सेम आहे ना?” आहे म्हटले. “मग डिफरन्स कुठंय?” मी समजावले, की शाखा स्वतःच्या पुस्तकात जुळलेलीच असते, ती दोनदा घ्या नाहीतर दहादा, नावे आणि जमा सारखेच वाढणार, एकूण जुळणारच. थोडा वेळ कीबोर्ड वाजला. “सर, सिस्टिम चुकीचं दाखवत नाही.” मग सिन्नरची रोख दुप्पट कशी? “ब्रँचला मोजायला सांगा ना.” रात्री साडेदहाला! तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, हे तरी माहीत आहे का? शेवटी तोडगा आला: “ते सदतीस-वीस सस्पेन्सला टाका, उद्या बघू.” टाकले असते, तर आंतरशाखा खाते शून्य दिसले असते आणि सिन्नरच्या ठेवी, कर्ज, रोख सगळे दुप्पटच राहिले असते. ठेवी फुगल्या की सीआरआरचा हिशेब फुगतो, तो काय सस्पेन्स भरणार? मग लाभांशही दुप्पट वाटू, सभासद खूश होतील.

हाताने तेरीज मारायचो तेव्हा एका शाखेला एकच रकाना असायचा, दोनदा लिहायला जागाच नव्हती. तुमचा डेमो बघून ते बंद केले.

त्याच शाखेची, त्याच तारखेची दुसरी फाइल आली तर प्रोग्रामने थांबून विचारले पाहिजे, आधीची काढून ही घेऊ का. आणि आंतरशाखा खाते शून्य नसताना ते हिरवे ‘ताळा जुळला’ छापूच नका. एकूण जुळणे म्हणजे ताळा जुळणे नव्हे, हे बँकेचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना आम्ही शिकवायचे?

दुरुस्ती होऊन आमच्यासमोर तीच फाइल दोनदा चढवून दाखवेपर्यंत वार्षिक देखभालीचे बिल मंजूर होणार नाही. मंगळवारच्या दोन्ही तेरजा संचालक मंडळापुढे आणि लेखापरीक्षकांकडे जात आहेत. पुढचा फोन त्या माणसाला करायला लावू नका.

मुख्य लेखापाल,
मुख्य कार्यालय, नाशिक