लंबकाच्या जर्नलांविषयी

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या सत्रात साध्या लंबकाचे प्रॅक्टिकल तुझ्याकडे येणार असल्याचे तू कळवलेस. माझ्या एफ.वाय.च्या बॅचची याच प्रयोगाची जर्नले नुकतीच तपासून झाली असून, त्यांत वारंवार आढळलेल्या चुकांविषयी मी वर्गासाठी एक पत्र तयार करीत आहे. ते वर्गाला देण्यापूर्वी त्यातला मजकूर तुझ्यासमोर ठेवतो.

सर्वांत मोठी चूक दोलने मोजण्यातली आहे. गोळा मध्यबिंदूवरून जाताना स्टॉपवॉच सुरू करायचे आणि त्या क्षणी ‘शून्य’ म्हणायचे, हे सांगूनही बरेच जण ‘एक’ म्हणतात. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झालेली असतात. 100 सें.मी. लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे 2.007 सेकंद असतो, म्हणजे एकोणीस दोलनांना 38.13 सेकंद लागतात. त्याला वीसने भागले की आवर्तकाल 1.907 येतो, आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे g चे मूल्य 9.8 ऐवजी 10.86 निघते. अशा जर्नलांत त्याखाली ‘मानवी चुकीमुळे फरक पडला’ असे एक ठरावीक वाक्य असते. या वाक्याला मी यापुढे गुण देणार नाही, कारण कोणती चूक, ती किती मोठी आणि ती उत्तराला कोणत्या बाजूला नेते, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही.

ही चूक विद्यार्थ्याला स्वतःच पकडता येते, आणि पत्रात मी यावरच जास्त लिहिले आहे. एकाच लांबीवर आधी दहा आणि मग वीस दोलनांचा वेळ घ्यावा. मोजणी चुकत असेल, तर दहाला 18.06 आणि वीसला 38.13 सेकंद मिळतील. भागाकार केल्यावर एकदा 1.806 आणि एकदा 1.907 असा आवर्तकाल येईल, पण एकाच लंबकाचे दोन आवर्तकाल असू शकत नाहीत. दोन वेळांमधील फरक मात्र 20.07 सेकंद, म्हणजे खऱ्या दहा दोलनांचा आहे, त्यामुळे पुन्हा प्रयोग न करताही बरोबर आवर्तकाल हाती लागतो.

दुसरी चूक लांबीची. ती दोरा जिथे टांगला आहे तिथपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायला हवी; पण अनेकांनी गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजली. गोळ्याचा व्यास 2 सें.मी. असल्यामुळे प्रत्येक लांबी 1 सें.मी. कमी नोंदली गेली. परिणामी 50 सें.मी.ला g चे मूल्य 9.61 आणि 100 सें.मी.ला 9.70 आले. लांबीबरोबर g वाढत असल्याचे तक्त्यात स्पष्ट दिसत असूनही सर्वांनी निमूटपणे सरासरी काढली! T² आणि लांबी यांच्या आलेखात हीच चूक आणखी ठळक दिसते: रेषा आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला सुमारे 0.04 वर छेदते, आणि मागे वाढवली तर आडव्या अक्षावर उणे 1 सें.मी.ला, म्हणजे नेमक्या त्रिज्येइतक्या अंतरावर पोहोचते. दुर्दैवाने, रेषा शून्यातून गेलीच पाहिजे अशा समजुतीने तिला ओढून तिथे नेलेले असते. तसे न करता बिंदू जिथे नेतात तिथे तिला जाऊ दिले, तर लांबी चुकलेली असूनही चढावरून g बरोबर मिळतो. मोजणीच्या चुकीत याच्या उलट घडते: रेषा शून्यातून व्यवस्थित जाते, पण तिचा चढ कमी असतो. म्हणून सरळ रेषा मिळाली एवढ्यावर समाधान मानू नये, असे मी पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

दशांश चिन्हापुढील अंकांची हौस तुझ्याकडेही असेलच. स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवते, पण ते दाबताना हाताचा 0.2 सेकंदाचा फरक सहज पडतो. चाळीस सेकंदांत तो अर्धा टक्का, आणि वर्गामुळे g मध्ये एक टक्का होतो. तेव्हा उत्तर 9.8 ± 0.1 असेच लिहायला हवे, 9.78342 मधले शेवटचे चार अंक केवळ कॅल्क्युलेटरचे आहेत. तुलनेसाठी 9.81 घेण्याचा आग्रहही सोडावा, कारण आपल्या अक्षांशावर खरे मूल्य सुमारे 9.78 आहे.

काही जर्नलांत एका लांबीच्या तिन्ही वेळा 40.12, 40.12, 40.12 अशा आहेत. वर सांगितलेल्या हाताच्या फरकामुळे असे प्रत्येक लांबीला घडणे शक्य नाही. एक वेळ मोजून उरलेल्या दोन उतरवलेल्या आहेत, हे उघड आहे. हा परिच्छेद मी नावे न घेता, पण कडक शब्दांत लिहिला आहे.

एका गोष्टीत तुझे मत हवे. g चे मूल्य 10.86 आले असूनही ज्याने ते न बदलता तसेच नोंदवले, त्याला मी 9.80 ‘आणणाऱ्या’पेक्षा जास्त गुण दिले आहेत. आमच्या विभागात यावर एकमत नाही. तू काय केले असतेस, ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत