आदरणीय बाईंना, फाशांच्या त्या आठवड्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन घरी आरामात बसला होतात. तरी माझ्या एका रडक्या फोनवर तुम्ही आमच्या शाळेत चार दिवस येत राहिलात, आणि मी फक्त चहा पाजला. आभार मानायचे राहून गेले. ते सगळ्यांना वाचता येईल असे मानतो, कारण दहावीला संभाव्यता शिकवणाऱ्या आणखी कुणाचं तरी माझ्यासारखं होत असणारच.

आठवतंय ना, कुठे अडलं होतं? पुस्तकात सहाचं दान पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश, म्हणजे 0.167. मुलांच्या मनात शंका राहू नये म्हणून मी लुडोचे फासे आणले, वीस जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला तीस वेळा फासा टाकायला लावला. अपेक्षा होती पाच षटकांची. पहिल्या बाकावर नऊ आले, शेवटच्या बाकावर एकच. एक पोरगा म्हणाला, "सर, पुस्तक चुकलंय." मी म्हणालो, "खूप वेळा टाकलं की बरोबर येतं." म्हणजे किती वेळा आणि का, हे त्यानं विचारलं नाही. बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

तुम्ही आलात आणि आधी मुलांच्या वह्या पाहिल्या. मला वाटलं, नऊवाल्या जोडीला धराल. तुम्ही बोट ठेवलंत ते सगळ्यात नीटनेटक्या वहीवर. एक ते सहा, प्रत्येक दान बरोब्बर पाच वेळा. मी त्या वहीवर "छान" लिहिलं होतं! तुम्ही त्या दोघींना हळूच म्हणालात, "तीस वेळा टाकून असं अडीच हजारांत एखाद्या वेळी होतं गं. आज तो दिवस होता का?" दोघी खाली मान घालून हसल्या आणि फासा पुन्हा टाकायला बसल्या. खरी दानं ओबडधोबडच असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तुमचे नियम आले. फासा स्टीलच्या पेल्यात खुळखुळवायचा आणि भिंतीवर आपटेल असा टाकायचा. वहीला टेकून तिरका राहिला तर ते दान धरायचं नाही, आणि हे आधीच ठरवायचं, दान बघून नाही. किती वेळा टाकायचं तेही आधी ठरवायचं. नाहीतर अपूर्णांक 0.167 च्या जवळ आला की मुलं थांबतात आणि जुळलं म्हणतात.

त्यानंतर तुम्ही वीस जोड्यांचे आकडे एकाखाली एक मिळवत गेलात. तो फळा मी पुसायच्या आधी उतरवून घेतला होता. तीस दानांत 9 षटकं, म्हणजे 0.300. साठ दानांत 13, म्हणजे 0.217. एकशेवीसला 24, म्हणजे 0.200. तीनशेला 55, म्हणजे 0.183. सहाशेला 106, म्हणजे 0.177. आलेख खाली येत येत एक षष्ठांशाच्या रेघेला लागायला आला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "सुरुवातीची जास्तीची षटकं गेली कुठे?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "नंतर कमी पडली, म्हणून भरून निघालं." खरं सांगतो बाई, माझंही उत्तर तेच होतं. तुम्ही फळ्यावर आणखी एक रकाना काढलात, अपेक्षेपेक्षा किती जास्त. तीसला 4 जास्त, साठला 3, एकशेवीसला 4, तीनशेला 5, सहाशेला 6. काहीच भरून निघालं नव्हतं! उलट आकडा थोडा वाढलाच होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमटीत मीठ जास्त पडलं तर काढता येतं का? पाणी वाढवतो आपण." फाशाला मागचं काही आठवत नाही, तो कसलीही भरपाई करत नाही. चार जास्तीची षटकं तीस दानांत खारट लागतात, सहा जास्तीची सहाशे दानांत कळतही नाहीत. इतकी वर्षं मी शिकवत होतो, पण "प्रायोगिक संभाव्यता सैद्धांतिक संभाव्यतेकडे जाते" या वाक्यात जातं ते गुणोत्तर, षटकांचा आकडा नव्हे, हे मी स्वतःशीही कधी इतकं स्पष्ट म्हटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला एक आडाखा दिलात. फासा n वेळा टाकला तर षटकांच्या संख्येत साधारण 0.37√n इतकं इकडेतिकडे होणं नेहमीचं. सहाशेला ते नऊ येतं, म्हणून आमची सहा जास्त षटकं काही विशेष नव्हती. याच्या दुप्पट फरक झाला तर भुवया उंचवायच्या, चौपट झाला तर फासा हातात घेऊन बघायचा. गुणोत्तराची डुगडुग निम्मी करायला चौपट दानं लागतात, हेही त्यातूनच निघतं. सहाशेनंतर मुलं कंटाळली, पण पुढची पायरी चोवीसशेची होती.

फासा हातात घ्यायची वेळ गुरुवारी आली. सुतारकाम करणाऱ्या वडिलांकडून एका मुलानं सागाचा सुरेख फासा करून आणला होता. तो सहाशे वेळा टाकला, तर षटकं आली 138, म्हणजे 0.230. अडतीस जास्त, नेहमीच्या नऊच्या चौपटीहून अधिक. मी म्हणालो, आणखी टाकू, येईल खाली. तुम्ही म्हणालात, "आधी एक्के मोजा." एक्के होते 133. एक आणि सहा समोरासमोर असतात. तुम्ही पट्टी मागितलीत, आणि त्या दोन बाजूंमधली जाडी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटरनं कमी निघाली. चपटा फासा रुंद बाजूवर बसतो. तो लाख वेळा टाकला असता तरी एक षष्ठांशाकडे गेला नसता, तो त्याच्या स्वतःच्या संभाव्यतेकडेच गेला असता. एक षष्ठांश हे सगळ्या बाजू सारख्या असल्याच्या गृहीतावर उभं आहे, आणि "फासा निर्दोष आहे" हे पुस्तकातलं वाक्य मी नेहमी घाईत वाचून पुढे जायचो.

जाताना तुम्ही वेल्डनची गोष्ट सांगितलीत, ती मुलं अजून सांगतात. या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं 1894 साली बारा फासे 26,306 वेळा टाकल्याची नोंद केली. पाच किंवा सहा येण्याचं गुणोत्तर 0.3333 ऐवजी 0.3377 आलं. ठिपके कोरताना पाच-सहाच्या बाजूंचं जास्त साहित्य निघून त्या हलक्या होतात, असं याचं कारण सहसा देतात. एवढा बारीक दोष आमच्या सहाशे दानांत कधीच दिसला नसता, तो तीन लाखांवर दानांमध्ये दिसला. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग आपले लुडोचे फासे तरी बरोबर आहेत कशावरून?" तुम्ही म्हणालात, "सहाशेवरून एवढंच कळलं, की फार वाईट नाहीत."

सागाचा फासा माझ्या कपाटात आहे. तो आणणाऱ्या मुलाच्या वडिलांनी आता कॅलिपर लावून दुसरा करून दिलाय, आणि मुलांनी 2400 दानांचा तक्ता आखलाय. शनिवारी सकाळी सुरू करतोय. पेला तुमचाच राहिलाय इथे, तो न्यायला म्हणून तरी या.

आपला,
दहावी 'ब'चा गणित शिक्षक