आमच्या मॅडमनी ऑफिसात पाळीबद्दल बोलून दाखवलं

प्रिय वैशे,

काल फोनवर अर्धंच सांगून झालं आणि तुझी आई आली, म्हणून आता नीट लिहिते. आमच्या डिलिव्हरी हेड मॅडम माहितीयेत ना, अठ्ठेचाळीसच्या, कडक एकदम, त्यांनी शुक्रवारी सगळ्या टीमला बसवलं आणि पेरीमेनोपॉजवर, म्हणजे पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांवर, बोलल्या. पुरुष होते निम्मे, आधी सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले.

सुरुवात स्वतःपासूनच केली. म्हणाल्या, मार्चच्या रिव्ह्यूमध्ये क्लायंटसमोर मी आकडा विसरले आणि घामाने ब्लाउज भिजला, आठवतंय? तुम्हाला वाटलं मी घाबरले. तर ते हॉट फ्लॅश होतं. इस्ट्रोजेन वरखाली झालं की मेंदूतला थर्मोस्टॅट बिघडतो, जराशा उष्णतेलाही शरीर घाम काढायला लागतं, दोन-चार मिनिटांत आपोआप ओसरतं. रात्री हेच झालं की तीन वाजता जाग येते, मग सकाळी शब्द सापडत नाहीत. बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणायचं, त्याच्या आधीची ही काही वर्षं, आणि ह्यात पाळी चालूच असते म्हणून कोणाला संशयच येत नाही.

मग कामाचं बोलल्या, तेच मला आवडलं. कोणी घामेजलं तर "काय झालं, काय झालं" करू नका, पाणी सरकवा आणि मीटिंग चालू ठेवा. बाईला "तुला मेनोपॉज आहे का" हे कधीच विचारायचं नाही, "कामात कुठे अडतंय" एवढंच विचारायचं, सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. अमेरिकेचे रात्री साडेदहाचे कॉल एकीवरच सलग नकोत, आठवड्याने बदला. दोन तासांच्या मीटिंगमध्ये मध्ये दहा मिनिटं सुट्टी द्या, कारण पाळी जोरात असेल तर उठता येत नाही म्हणून बायका खुर्चीला चिकटून बसतात (मी बसलेय गं, ड्रेसकडे बघत!).

एकाने विचारलं, मग रक्त तपासून खात्री करून का घेत नाहीत? मॅडम म्हणाल्या पंचेचाळीसच्या पुढे एका टेस्टवर भरवसा नसतो, हार्मोन आज एक उद्या एक, डॉक्टर वय आणि लक्षणांवरूनच ठरवतात. पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायचं, कारण थकवा त्यानेही येतो. आणि तासाला एक पॅड भिजत असेल तर "या वयात होतंच" म्हणून घरी बसायचं नाही.

हे ऐकताना तूच डोळ्यासमोर आलीस. गेले चार महिने तू "झोपच नाही" म्हणतेस आणि पाळी कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास. तारखा लिहून ठेव, रविवारी मी येते, सोमवारी डॉक्टरकडे दोघी जाऊ. आणि जाताना तुझ्याकडचा तो लहान टेबलफॅन घेऊन जाईन, मॅडमच्या केबिनला पाहिजेय.

तुझी,
मंजी