पहिलीतल्या मुलाला निरोपाची चिठ्ठी

प्रिय सुजाता,

कबीरसाठी लिहिलेला मसुदा वाचला. मजकूर प्रेमळ आहे, पण तो त्याच्या आईला समजेल, त्याला नाही. ‘उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ ही ओळ तर काढूनच टाक. पहिलीतल्या मुलांना दिवाळीच्या सुमारास काना, मात्रा, वेलांटी जमत असते, पण जोडाक्षराशी बहुतेक जण अडतात. पहिल्याच शब्दाला अडला की तो कागद आईकडे देतो आणि चिठ्ठी त्याची राहत नाही.

मी असं लिहीन:

‘कबीर,
बाबांची बदली झाली.
दिवाळी झाली की तू सोलापूरला नवीन शाळेत जाशील.
इथे तू रोज कुंडीला पाणी घालायचास.
ते काम तू सईला शिकवलंस.
तू काढलेला मोर सोबत दिला आहे.
आमची आठवण आली की आईला सांग.
बाई’

यात एकही जोडाक्षर नाही. बदलीचं वाक्य मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय. कारण सांगितलं नाही, तर या वयाचं मूल ते स्वतःच शोधतं आणि बऱ्याचदा स्वतःवर घेतं: मी मस्ती केली म्हणून मला काढलं. ‘लवकरच’ किंवा ‘पुढच्या महिन्यात’ याचा त्याला अंदाज येत नाही. ‘दिवाळी झाली की’ लगेच कळतं. कौतुकही ‘तू खूप हुशार आहेस’ असं नको, कारण ते कुणालाही लागू पडतं. कुंडी मात्र त्याचीच आहे. सईचं वाक्य लिहायचं, तर त्याआधी दोन-तीन दिवस त्याच्याकडून तिला खरंच ते काम शिकवून घे. नाहीतर आपली जागा दुसऱ्याला देऊन टाकली, एवढंच त्याला वाटेल.

‘आम्हाला विसरू नकोस’ लिहू नकोस. सहा वर्षांचं मूल विसरणारच, आणि ती जबाबदारी त्याच्यावर टाकायचं काही कारण नाही. ‘रडू नकोस’ही नको. ‘पुन्हा भेटू’ लिहिलंस तर तो कधी ते विचारेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

एका ओळीत एकच वाक्य, दोन ओळींत बोटभर जागा, अक्षर सुटं आणि काळ्या स्केचपेनने. अक्षरांमागे फुलं-फुगे काढू नकोस, वाचताना नजर तिकडेच जाते. चिठ्ठी शेवटच्या दिवशी फाटकाशी देऊ नकोस. एक-दोन दिवस आधी शेजारी बसून त्याच्याकडून वाचून घे, म्हणजे त्याचे प्रश्न तिथेच निघतील. अभ्यास, दाखला, वह्या यांबद्दलचं सगळं पालकांच्या वेगळ्या कागदावर.

चौथीच्या मुलांचं वेगळं. त्यांना पानभर लिहिलं तरी चालतं. ‘नव्या शाळेची उत्सुकता आणि इथून जायचं वाईट, दोन्ही एकदम वाटू शकतं’ हे त्यांना समजतं. पहिलीत मात्र एका वाक्यात एकच भावना पुरते.

नवा मसुदा पाठव, पण आधी त्यातली जोडाक्षरं तूच शोधून काढ.

तुझी,
मीना