चाचणीच्या दिवसानंतरचे पत्र

कोल्हापूर

प्रिय सचिन,
सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात तू सीएनसी लेथवर पगारी चाचणीचा दिवस काढलास आणि आता भरती करणाऱ्या मॅडमना काय लिहावे असे विचारतोस. गोकुळ शिरगावच्या आमच्या मशीन शॉपमध्ये नवीन माणसे घेताना अशी पत्रे माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅडम मशीनवर उभ्या नसतात. त्या तुझे पत्र सुपरवायझरना दाखवणार आणि ते दिवसभराचे काम आठवून पाहणार. त्यामुळे ‘खूप शिकायला मिळाले’ या वाक्याचा त्या दोघांनाही उपयोग नाही. तू फोनवर सांगितलेली बोअरची गोष्टच पत्राचा गाभा कर. बोअर २५.००० ते २५.०२१ मिमी हवा होता; सकाळी तो २५.०१८ येत होता आणि दुपारी २५.००४ पर्यंत उतरला. बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की भोक लहान होत जाते, आणि जॉब नापास होण्याआधी ते तुझ्या लक्षात आले, हेच महत्त्वाचे. मात्र ऑफसेट तू बदलला नव्हतास. म्हणून असे लिही: ‘दुपारी बोअर गेजवर माप सतत कमी होत असल्याचे मला दिसले, ते मी ऑपरेटरना सांगितले. त्यांनी वेअर ऑफसेटमध्ये ०.०१० मिमी वाढवले आणि पुढचा जॉब मी मोजला, तो २५.०१४ आला.’ इथे ‘मी दुरुस्त केले’ असे लिहिलेस, तर त्याच ऑपरेटरना विचारल्यावर तुझे बाकीचे खरे बोलणेही संशयाने पाहिले जाईल. जॉबचा फोटो किंवा ड्रॉइंग जोडू नकोस. ड्रॉइंग बहुधा ग्राहकाचे असते आणि ते बाहेर गेलेले कोणत्याही शॉपला चालत नाही.

जे येत नाही तेही एका वाक्यात सांग: प्रोग्राम वाचता येतो, पण नवीन जॉबचे सेटिंग स्वतंत्रपणे केलेले नाही. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला तुला एकट्याला सेटिंगवर उभे करतील. रात्रपाळीचे त्यांनी विचारले होते, तेव्हा हातकणंगल्याहून स्वतःच्या मोटारसायकलने येईन हेही स्पष्ट लिही. रात्री माणसे येणार कशी, ही अडचण सुपरवायझरला नेहमी भेडसावते.

दिवसाच्या मोबदल्याबद्दल संकोच करू नकोस, ते ठरलेले पैसे आहेत. शेवटच्या वेगळ्या परिच्छेदात तारीख आणि ठरलेली रक्कम लिहून ‘बँक तपशील कोणाकडे द्यावेत?’ एवढे विचार. निवडीची विनंती आणि पैशांची मागणी एकाच वाक्यात आली, की दोन्ही लांबणीवर पडतात, असे मी पाहिले आहे.

पत्र उद्या दुपारच्या आत पाठव, कारण सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर तो बोअर अजून असेल. मसुदा आज रात्री मला पाठवलास, तर मी वाचून कळवतो.

तुझा मित्र,
प्रकाश