'दुर्लक्ष करा' हा सल्ला अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पासवर्ड बदलण्याची मेल न मागता आली तर घाबरू नका, तिच्याकडे दुर्लक्ष करा' हा सल्ला आपल्या कालच्या अंकातील एका चौकटीत वाचला. गेल्या वर्षी मी याच समजुतीने वागलो आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे, आणि जो भाग गाळला गेला तोच आमच्यासारख्या वाचकांना ठाऊक नसतो.

अशी मेल बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, हे मला मान्य आहे. पासवर्ड विसरल्याचे बटण कोणीही दाबू शकतो. त्यासाठी फक्त आपला मेलचा पत्ता ठाऊक असावा लागतो. माझ्याच नावा-आडनावाचा कोणी गृहस्थ आपला पत्ता टाकताना एखादे अक्षर चुकला, तरी मेल माझ्याकडे येते. जीमेलमध्ये तर पत्त्यातील टिंब धरलेच जात नाही, त्यामुळे टिंब घातलेला आणि न घातलेला पत्ता एकाच माणसाचा ठरतो. या सर्व प्रसंगी बदलाचा दुवा आपल्याच टपालपेटीत येतो, आपण तो दाबत नाही, काही वेळाने त्याची मुदत संपते आणि पासवर्ड होता तसाच राहतो. मात्र हे सारे एका गृहीतावर उभे आहे. ती टपालपेटी आपल्याखेरीज दुसरे कोणी उघडत नाही, हे ते गृहीत होय. माझ्या बाबतीत नेमके तेच खोटे निघाले.

एका सकाळी मोबाइलवर मला एका खरेदीच्या संकेतस्थळाकडून आलेली अशी मेल दिसली. ती रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आली होती. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी एक आली. मी दोन्हींकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवसापासून मेल येणे थांबले आणि मी निर्धास्त झालो. साधारण आठवड्याने काही मागवायला गेलो तर त्या संकेतस्थळाने माझा पासवर्ड चुकीचा ठरवला. आता मी स्वतःच पासवर्ड बदलण्याची मेल मागवली, तर ती येईना. तीनदा मागवली, तिन्ही वेळा आली नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर स्पॅममध्ये पाहा, एवढेच सांगण्यात आले. तिथेही काही नव्हते.

शेवटी भाचा घरी आला. त्याने त्या पहिल्या दोन मेल पाहून विचारले, "मामा, या तुम्ही उघडल्या होत्या का?" मी उघडल्या नव्हत्या, फक्त यादीत त्यांचे शीर्षक वाचले होते. न वाचलेल्या मेलचे शीर्षक ठळक अक्षरांत दिसते, आणि या दोन्ही पहिल्या दिवसापासून फिक्या अक्षरांत होत्या. म्हणजे माझ्या आधी त्या कोणीतरी वाचल्या होत्या. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, पण ती खूण आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

मग त्याने संगणकावर जीमेलच्या सेटिंगमधील Filters and Blocked Addresses हे पान उघडले. मोबाइलच्या ॲपमध्ये हे पान दिसत नाही, आणि मी तर सर्व काही मोबाइलवरच पाहणारा. तिथे मी कधीही न लिहिलेला एक नियम होता:

```
Matches: password
Do this: Skip Inbox, Mark as read, Delete it
```

ज्या मेलमध्ये हा शब्द असेल ती मला न दाखवता, वाचलेली म्हणून खूण करून थेट कचऱ्यात टाकायची, असा त्याचा अर्थ. मेल थांबल्या नव्हत्या, त्या मला दिसायच्या थांबल्या होत्या. जीमेल कचऱ्यातील मेल तीस दिवस ठेवते, म्हणून सारा पुरावा तिथेच सापडला: मी मागवलेल्या तिन्ही मेल, पासवर्ड बदलल्याची सूचना, आणि माझ्या मेलवर नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा इशाराही, जो त्या माणसाने येताच हटवला होता. खरेदीच्या खात्यात साठलेल्या बत्तीसशे रुपयांची भेट-व्हाउचरे घेतली गेली होती. मेलचा आणि एका जुन्या, केव्हाच विसरलेल्या संकेतस्थळाचा पासवर्ड मी एकच ठेवला होता, आणि तिथूनच तो फुटला असावा असे आम्हा दोघांचे मत झाले.

यानंतर आम्ही जी चूक केली ती मुद्दाम लिहितो, कारण घाईत कोणीही तीच करील. आम्ही आधी खरेदीच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि समाधानाने जेवायला बसलो. अर्ध्या तासात तो पुन्हा बदललेला होता. साहजिकच होते, कारण तो माणूस अजून माझ्या टपालपेटीत बसलेला होता आणि त्याला फक्त नवी मेल मागवायची होती. म्हणून आधी मेलचाच पासवर्ड बदलावा लागतो, आणि तोही आलेल्या दुव्यावरून नव्हे, तर पत्ता स्वतः टाइप करून. त्यानंतर लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीतून अनोळखी उपकरणे काढावी लागतात, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर व दुसरा मेल आपलाच आहे ना, हे पाहावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो नियम स्वतःच्या हाताने काढावा लागतो, आणि Forwarding and POP/IMAP या पानावर आपल्या मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवल्या जात नाहीत ना, तेही तपासावे लागते. पासवर्ड बदलला तरी हे नियम आपोआप जात नाहीत. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून मगच बाकीच्या खात्यांना हात लावायचा.

त्याच रात्री मी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत. बत्तीसशे रुपयांवर निभावले, कारण त्या खात्यात कार्ड जोडलेले नव्हते.

जाता जाता आणखी एक तक्रार. या मेल आमच्याशी मराठीत बोलत नाहीत. मराठीत जाहिराती करून आमच्याकडून खरेदी करून घेणाऱ्या कंपन्या धोक्याची सूचना मात्र इंग्रजीतच पाठवतात, आणि तिच्याही तळाशी बारीक अक्षरांत 'विनंती तुमची नसेल तर दुर्लक्ष करा' हेच लिहिलेले असते. ती विनंती किती वाजता, कोणत्या शहरातून आणि कोणत्या उपकरणावरून झाली, हे माझ्या दोन्ही मेलमध्ये नव्हते. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही ते वर्तमानपत्रावर विसंबतात, म्हणूनच आपल्या चौकटीतील प्रत्येक शब्दाला वजन आहे.

माझी विनंती एवढीच की, ती चौकट पुन्हा छापावी आणि 'दुर्लक्ष करा' याच्या पुढे दोन वाक्ये जोडावीत: ती मेल आपण उघडण्याआधीच वाचलेली दिसते का ते पाहा, आणि संगणकावर बसून आपल्या मेलमध्ये आपण न लिहिलेला नियम आहे का ते तपासा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा