पन्हाळ्याला जाण्याआधी

कोल्हापूर

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू यादी वाचून दाखवलीस आणि मी मध्येच बोललो म्हणून फोन ठेवलास. रागावू नकोस. अंबरखाना, तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, वाटेत जोतिबा आणि संध्याकाळी न्यू पॅलेस, हे सगळं तुला एका दिवसात बघायचंय. तुझ्याच्यानं होईल, मला माहीत आहे. ओवी आठ वर्षांची, तिलाही कसंबसं जमेल. पण अंशू चार वर्षांचा आहे, आणि सज्जाकोठीपाशी खाली सरळ दरी आहे.

माझं ऐकशील तर त्या दिवशी अंबरखाना एवढंच मुख्य ठेव. पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर. साडेसातला निघालात तर उन्हं चढायच्या आत गडावर असाल. थेट अंबरखान्यातल्या गंगाकोठीत जा आणि आत शिरताना काही सांगू नकोस. मुलांना नुसतं विचार, ही एवढी जाड भिंतीची इमारत कशाची असेल? अंशू तुरुंग म्हणेल, म्हणू दे. त्याला आवाज काढून बघू दे, दगडी कमानींत आवाज घुमतो. ओवीला छताकडे बघायला सांग. धान्य वरून ओतायला ठेवलेली भोकं तिची तिला सापडली की कोडं सुटलं. आधी सांगून टाकलंस तर बघण्यासारखं काही उरत नाही.

मग तिला हिशेब घाल. या एका कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. वीस मणांची एक खंडी, तर मण किती? पाच लाख येईपर्यंत थांब, तू सांगू नकोस. आणि तिथेच बसून १६६० ची गोष्ट सांग. सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने महाराज गडावर अडकलेले, बाहेर जुलैचा पाऊस. ओवी नक्की विचारेल, एवढं धान्य होतं तर भर पावसात रात्री निघायचं कशाला? तेव्हा सांग, तिकडे शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. आत बसून राहिलं तर बाहेर स्वराज्य कोण सांभाळणार? गोष्ट इथवरच. पावनखिंड दुपारी जेवताना.

तुला आठवतं का, तू दुसरीत असताना याच कोठीत उंदीर कुठून आत येत असतील म्हणून सगळ्या भिंतींच्या कडेनं फिरली होतीस? तुझी आई बाहेर हाका मारून दमली. शेवटी जोत्यावर बसून आपण सगळ्यांनी शेंगा खाल्ल्या आणि तू भिंतींची जाडी पावलांनी मोजून वहीत लिहिलीस. आज तू पुलांची कामं बघतेस. मी लोकांना हे सांगतो तेव्हा आई म्हणते, पुरे झालं कौतुक.

हां, तर अर्धा-पाऊण तास झाला की निघायचं, मुलं रमली असली तरी. दमल्यावर खायला देऊ नकोस, दमायच्या आधी दे. ओवीचे प्रश्न थांबले किंवा अंशू दिसेल तिथं बसकण मारायला लागला की समज उशीर झाला. गडावर बायका झुणका-भाकरी नि दही घेऊन बसतात, तिथं सावलीत अर्धा तास काढ. पाणी मात्र घरचं ने.

जेवण झाल्यावर मुलं ताजी असतील तर तीन दरवाजा. तिथं एकच खेळ, तिथला फारसी शिलालेख आधी कोणाला दिसतो. अंधारबावीत अंशूला नेऊ नकोस, आत पायऱ्या आणि पाणी आहे. सज्जाकोठीला जायचंच असेल तर त्याचा हात सोडू नकोस. फोटोसाठीही नाही. तो पळतो गं, तुला ठाऊक आहे तो कसा पळतो.

न्यू पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी ठेव. तिथंही सगळी दालनं नकोत. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. ओवीला पन्हाळ्याची गोष्ट ताजी असताना ते ओळखायला लाव. अंशूला पेंढा भरलेले वाघ दाखवून बागेत आण.

शिकवत बसलो बघ. तू दोघांना एकटीनं किती सांभाळतेस ते मला दिसतं, आणि यादीसुद्धा तू त्यांच्यासाठीच केलीस. माफ कर. पण मी गुडघ्यामुळे बरोबर येणार नाही, म्हणून सज्जाकोठीचं परत परत लिहितोय. जावईबापूंना जमत असेल तर एक मूल त्यांच्याकडे दे.

शुक्रवारी किती वाजता पोचाल ते आईला कळव, ती तुमचं जेवण ठेवेल. जोतिबा परतताना करा, पण मुलं गाडीत झोपली असतील तर उठवू नका. पुढच्या खेपेला जाऊ.

तुझे,
बाबा